‘मुबलक पाणी’ खोडा, मे महिन्यातलं पाणी लिहा

ताई, नमस्कार. मुळशी तालुक्यात कोळवण खोऱ्यात अकरा गुंठे बिनशेती प्लॉटवर आमचं सुट्टीचं घर आहे, २००९ मध्ये बांधलेलं. पुढे दोन हजार स्क्वेअर फूट हिरवळ, चाळीस झाडं. मुलं परदेशी, माझे गुडघे गेले, म्हणून विकायचं ठरवलं. दीड वर्ष जाहिरात देतोय : ‘निसर्गरम्य शांत परिसर, मुबलक पाणी, रस्त्यालगत, मेंटेनन्स नगण्य.’ पावसाळ्यात पंधरा-सोळा जण बघून गेले, दुसऱ्यांदा कुणी येत नाही. खरं सांगायचं तर मेमध्ये बोअर पंधरा मिनिटांत हवा ओढतो, पाच हजार लिटरचे दोन टँकर मागवतो. शेवटचा तीनशे मीटर रस्ता शेजाऱ्याच्या शेतातून, तोंडी परवानगीवर. शनिवारी समोरच्या भाड्याच्या बंगल्यात गाणी असतात. हे सगळं लिहिलं तर घेणार कोण?
— एक वाचक, कोथरूड

काका, नमस्कार.

जो घेणार आहे तो हे सगळं वाचूनच घेईल. पावसाळ्यात येऊन धबधब्याचे फोटो काढून गेलेले पंधरा-सोळा जण तुमचे गिऱ्हाईक नव्हतेच. त्यांच्यातल्या ज्या एक-दोघांना खरंच घर घ्यायचं होतं, ते तुमच्याकडून निघून कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर थांबले असणार आणि तिथे त्यांनी विचारलं असणार, ‘इकडे उन्हाळ्यात पाण्याचं कसं?’ टपरीवाल्याने खरं ते सांगितलं. तुमच्या जाहिरातीत ‘मुबलक’ होतं, टपरीवर टँकर निघाला. त्यानंतर घराचे वासे सागवानी असले तरी माणूस परत येत नाही, कारण आता त्याला तुमच्या बाकीच्या तिन्ही शब्दांवरही शंका आहे.

मी वीस वर्षं मुळशी-मावळातल्या अशा घरांची कागदपत्रं आणि व्यवहार पाहते आहे. त्याआधी मी स्वतः असं घर घेतलं. डिसेंबरमध्ये दाखवलं होतं, विकणाऱ्याने ‘बारमाही पाणी’ सांगितलं आणि माझ्यासमोर पंप लावून नळाखाली हात धरायला लावला. पाणी असं जोरात आलं की माझी बाही भिजली. पहिल्याच मे महिन्यात घरात नऊ पाहुणे असताना त्याच नळाने आधी फुस्स केलं, मग तांबूस मुरमाचं पाणी थेंब-थेंब पातेल्यात टाकलं आणि बंद झाला. माझ्या सासूबाईंनी त्या पातेल्यावर फडकं टाकून गाळ खाली बसायची वाट बघितली होती, ते चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. म्हणून पाण्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे.

बाहेरच्या माणसाला एक कोडं पडतं की ज्या खोऱ्यात पावसाळ्यात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, तिथे मेमध्ये टँकर कसा. तुम्हाला ते माहीत आहे, पण जाहिरात वाचणाऱ्याला नाही. आपल्याकडे वर थोडी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली सह्याद्रीचा काळा पाषाण. पाषाण स्वतः पाणी धरत नाही. जे काही साठतं ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत. उतार इतका की पडलेल्या पावसातला मोठा वाटा ओढ्याने नदीला जातो आणि मुरमातलं पाणीही हळूहळू खाली झिरपत राहतं. डिसेंबरपर्यंत बोअर भरलेली असते, फेब्रुवारीत उतरायला लागते, मेमध्ये तळाशी एखाद-दुसरी भेग तेवढी चालू राहते. याचा अर्थ असा की नोव्हेंबरमधलं पाणी ही कुणालाही मिळणारी गोष्ट आहे. तुमच्या बोअरची खरी ओळख मेमध्येच होते, आणि विकत घेणाऱ्याला हवा असतो तो मेचा आकडा. तो देणारी जाहिरात मी वर्षात एखादीच पाहते.

हा आकडा कसा काढायचा ते सांगते. दोनशे लिटरचं निळं पिंप घ्या. सकाळी पंप लावून पाइप थेट पिंपात सोडा आणि ते किती मिनिटांत भरतं ते घड्याळावर बघा. समजा पाच मिनिटं लागली. म्हणजे मिनिटाला चाळीस लिटर. पंप पंधरा मिनिटांत हवा ओढायला लागला, तर एका वेळी सहाशे लिटर मिळाले. इथवर सगळे करतात आणि इथेच फसतात. साडेसहा इंची बोअरच्या दर फुटात साधारण साडेसहा लिटर पाणी उभं असतं. म्हणजे तुमचे हे सहाशे लिटर रात्रभरात साठलेला नव्वद-शंभर फुटांचा पाण्याचा खांब आहे, झऱ्याची ताकद नव्हे. बघायला येणाऱ्याच्या आदल्या दोन दिवसांत पंप लावला नाही तर जवळजवळ आटलेली बोअरही पहिली पंधरा मिनिटं जोरात पाणी देते. माझी भिजलेली बाही त्यातलीच.

म्हणून पहिलं मोजमाप झालं की पंप बंद करायचा आणि परत सहाशे लिटर मिळायला किती वेळ जातो ते बघायचं. त्यासाठी पहिल्या दिवशी तीन तासांनी पूर्ण उपसून पिंपं मोजा, दुसऱ्या दिवशी पाच तासांनी. ज्या अंतराने पुन्हा पूर्ण सहाशे मिळतात, तो तुमच्या बोअरचा भरायचा वेळ. धरून चाला की तो पाच तास आला. मग सकाळ, दुपार, रात्र असे तीन उपसे होतात आणि मेमध्ये दिवसाला अठराशे लिटर पाणी आहे असं तुम्ही छातीवर हात ठेवून लिहू शकता.

आता अठराशे लिटरला किती चालतं ते बघू. तुम्ही चौघं राहायला आलात तर दिवसाला सहाशे लिटर. राखणीचं जोडपं दोनशे. चाळीस झाडांना ठिबकने दहा-दहा लिटर, म्हणजे चारशे. बेरीज बाराशे. पाणी पुरून उरलं! मग टँकर कशाला लागतो? तुमच्या पत्रात उत्तर आहे, ते म्हणजे दोन हजार स्क्वेअर फूट हिरवळ. हे झाले साधारण एकशे पंच्याऐंशी चौरस मीटर, आणि मेच्या उन्हात हिरवळ हिरवी ठेवायची तर दर चौरस मीटरला रोज पाचेक लिटर पाणी पडतं. म्हणजे सव्वानऊशे लिटर. एकूण गरज एकवीसशेच्या वर जाते, बोअर देते अठराशे, रोज सव्वातीनशे कमी. महिन्याचे जवळपास दहा हजार लिटर. तुमचे पाच हजारांचे दोन टँकर!

माझे आकडे अंदाजाचे आहेत, तुम्ही मोजलेत की थोडे इकडेतिकडे होतील. पण इतक्या घरांत मी हेच पाहिलंय की मला फार शंका नाही. तुमच्या घराला पाणी पुरतं, तुमच्या हिरवळीला पुरत नाही. घेणाऱ्याच्या दृष्टीने या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘मेमध्ये टँकर लागतो’ हे वाचून माणूस दचकतो. ‘मेमध्ये बोअर रोज अठराशे लिटर देते, घर आणि झाडांना पुरतं, हिरवळ हिरवी ठेवायची असेल तर महिन्याला दोन टँकर’ हे वाचून तो हिरवळ ठेवायची की नाही याचा विचार करायला लागतो, आणि तिथे तो मनाने घरात शिरलेला असतो. माझं मत विचाराल तर यंदा एप्रिलपासून निम्मी हिरवळ सोडून द्या. आपली साधी हरळी असेल तर वाळलेली दिसली तरी पहिल्या पावसात फुटते. विकतची लॉन असेल तर तो तुकडा काढून तिथे मुरूम अंथरा.

एक करू नका. विकायच्या आधी म्हणून नवी बोअर मारू नका. पाणाड्या नारळ फिरवून जागा दाखवेल, लाखभर रुपये जातील आणि काळ्या पाषाणात दोनशे-तीनशे फुटांच्या खाली भेग लागलीच तर नशीब. लागली नाही तर तुमच्याच अंगणात कोरड्या बोअरचा पाइप उभा राहील आणि येणारा प्रत्येक जण विचारेल, हे काय? त्याऐवजी पाण्याचा नमुना तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तो देता येतो. अहवालाचा कागद फाइलला लावा. पंप लागण्यासाठी लाइट हवी आणि घरातल्या इन्व्हर्टरवर दीड एचपीचा पंप चालत नाही, हे शहरातल्या माणसाच्या लक्षात येत नाही. म्हणून वरच्या टाकीत किती लिटर मावतात आणि लाइट गेली तर ते किती दिवस पुरतात, तेही एका ओळीत द्या.

पाण्यापेक्षा मला काळजी आहे ती तुमच्या रस्त्याची. पाणी कमी असलेलं घर थोडी किंमत उतरवून विकलं जातं. रस्ता नसलेलं घर विकलं जात नाही, आणि कागदावर आज तुमच्या घराला रस्ता नाही. ‘रस्त्यालगत’ हा शब्द आजच खोडा.

दोन वर्षांपूर्वी पवनेच्या बाजूला एक व्यवहार मी जवळून पाहिला. घर सुंदर, इसार ठरलेला, घेणारे कुटुंब आईवडिलांना घेऊन घर दाखवायला आलं. शेताच्या तोंडाशी दोन बांबूंना साखळी बांधलेली. बारा वर्षं ज्यांनी येऊ-जाऊ दिलं ते गृहस्थ त्या हिवाळ्यात वारले होते आणि त्यांच्या दोन मुलांचं एकमेकांत पटत नव्हतं. कुणी भांडलं नाही, कुणी ओरडलं नाही. गाडी तीनशे मीटर रिव्हर्स गेली आणि व्यवहार तिथेच संपला. विकणारे माझ्याकडे आले तेव्हा म्हणत होते, ‘पण आमची बारा वर्षांची वहिवाट आहे.’

हा गैरसमज फार जणांचा असतो. सुविधाधिकाराच्या १८८२ च्या कायद्यात वहिवाटीने रस्त्याचा हक्क मिळायला वीस वर्षं लागतात, आणि ती वीस वर्षं तुम्ही तो रस्ता हक्काने, उघडपणे, विनाअडथळा वापरलेला असावा लागतो. परवानगी घेऊन वापरला असेल तर तो हक्क नाही, ती शेजाऱ्याची मेहेरबानी. तुम्ही स्वतःच ‘तोंडी परवानगी’ लिहिलं आहे. अडवलेली वाट मोकळी करून घ्यायला तहसीलदारांकडे १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली अर्ज करता येतो, अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. पण तो अर्ज ज्याच्यावर वेळ आली त्याने करायचा. विकणाऱ्याने त्याच्या भरवशावर राहू नये.

आधी दोन नकाशे काढा. एक तुमच्या बिनशेती आदेशासोबतचा मंजूर नकाशा. त्यात प्लॉटपर्यंत यायचा रस्ता दाखवलेला आहे का, कुठल्या गटातून, किती रुंदीचा, ते बघा. दुसरा गाव नकाशा. त्यावर जुने गाडीमार्ग दुबार तुटक रेषेने आणि पायवाटा एकेरी तुटक रेषेने दाखवलेल्या असतात. कधी कधी असं निघतं की आपण ज्याला शेजाऱ्याचं शेत समजतो तिथून जुना गाडीमार्ग जातोय. तसं असेल तर तुमचं निम्मं काम झालं.

नसेल, तर शेजाऱ्यांकडे जा, आणि आत्ता जा. पंधरा वर्षांची तुमची ओळख आहे, त्यांच्या लग्नाकार्याला तुम्ही गेला असाल, त्यांच्या पोरांच्या शाळेच्या वेळी काही केलं असेल. नव्या मालकाकडे यातलं काहीच नसणार. त्यांना सांगा की घर विकतोय, आणि रस्त्याच्या हक्काचा दस्त करून हवाय, रास्त मोबदला देऊन. किती द्यायचा ते तुम्ही दोघांनी बसून ठरवा, पण फुकट मागू नका. त्यांच्या शेतातली पट्टी कायमची जाते आहे. दस्तात रुंदी लिहा, किमान बारा फूट, म्हणजे पाण्याचा टँकर आणि बांधकामाचा ट्रक येईल. दोन्ही गट नंबर लिहा, मोजणीचा नकाशा जोडा, आणि हा हक्क दोन्हीकडच्या वारसांना व पुढच्या खरेदीदारांना बांधील राहील असं स्पष्ट वाक्य घाला. सह्या सातबाऱ्यावर नाव असलेल्या सगळ्यांच्या हव्यात, लग्न होऊन गेलेल्या बहिणींच्यासुद्धा. इथेच बहुतेक दस्त लंगडे राहतात, कारण ‘बहिणी काही बोलत नाहीत’ म्हणून त्यांना बोलावलंच जात नाही. दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचा आणि मग तलाठ्याकडे अर्ज देऊन शेजाऱ्याच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात नोंद घ्यायची. माझ्या अनुभवात याला दोन-तीन महिने जातात. तोवर जाहिरात बंद ठेवली तरी काही बिघडत नाही.

कागद झाला की जाहिरातीत रस्ता जसा आहे तसा लिहा. डांबरी कुठवर, पुढे मुरमाचा किती, पावसात लहान गाडी येते की उंच गाडीच लागते, ओढ्यावरच्या मोरीवरून पाणी जातं का आणि गेलं तर किती वेळ. चांदणी चौकातून शनिवारी सकाळी पिरंगुटच्या गर्दीत किती वेळ जातो आणि रविवारी संध्याकाळी परतताना किती, हे दोन्ही लिहा. ‘पुण्यापासून फक्त चाळीस मिनिटं’ वाचून आलेला माणूस गाडीतून उतरतानाच चिडलेला असतो.

खर्चाचं सांगते. ‘मेंटेनन्स नगण्य’ हे वाक्य ज्याने आधी असं घर ठेवलंय तो वाचतो तेव्हा त्याला दोनच अर्थ दिसतात : एकतर मालक हिशोब ठेवत नाही, नाहीतर त्याने घराकडे लक्ष दिलेलं नाही. माझं घर साधारण तुमच्याएवढंच आहे. गेल्या वर्षीचा माझा हिशोब असा होता : राखणीच्या जोडप्याला महिना नऊ हजार आणि दिवाळीला एक पगार, मिळून १,१७,०००. लाइट बिल १९,०००. पावसाआधी गच्चीचं गळतीचं काम आणि एका बाजूची रंगरंगोटी ३१,५००. दिवाळीनंतर वाढलेलं गवत काढणं आणि वणवा आत येऊ नये म्हणून कुंपणाबाहेरून जाळपट्टा काढणं १३,०००. पंपाचं वायंडिंग जळलं ते ९,५००. वाळवीची फवारणी ६,०००, घरपट्टी ४,५००. एकूण २,००,५००, म्हणजे महिना सोळा-सतरा हजार.

तुमच्या डायरीत, चेकबुकात, बिलांच्या पिशवीत गेल्या तीन वर्षांचं जे सापडेल ते काढून असाच कागद करा आणि तीन वर्षांची सरासरी जाहिरातीत एका आकड्यात द्या. हा आकडा वाचून फोन न करणारे लोक नंतर तुमचा रविवार खाणारच होते. जे फोन करतील त्यांच्या खिशाला तो झेपतो आहे. पाच वर्षांतून एकदाच येणारा खर्च, जसा पूर्ण रंग किंवा इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, तो वेगळा सांगा. एखादं मोठं काम यंदा यायचं असेल, गच्चीचं वॉटरप्रूफिंग वगैरे, तर ते स्वतः करून पैसे किमतीत चढवण्याऐवजी कोटेशन घेऊन ठेवा आणि तेवढी रक्कम बोलणीत सोडा. नव्या रंगाखाली काय झाकलंय हा प्रश्न घेणाऱ्याच्या मनात येतोच.

यात राखणीचं जोडपं सगळ्यात महत्त्वाचं. चांगला माणूस सोबत मिळतोय हे अशा घराचं निम्मं मोल आहे, आणि त्याच माणसाची घेणाऱ्याला भीतीही असते, की हा उद्या खोली सोडणार नाही. म्हणून त्यांना आधी विचारा, ते पुढे राहायला तयार आहेत का. विकायचं ठरलंय हे त्यांना बाहेरच्या माणसाकडून कळू देऊ नका. राहणार असतील तर पगाराच्या नोंदी आणि खोली फक्त कामापुरती आहे असं दोघांच्या सहीचं साधं पत्र करून ठेवा. घर बघायला आलेल्यांना त्यांच्या हातचा चहा मिळू द्या आणि पाच मिनिटं तुम्ही बाजूला व्हा. ते काय सांगतील याची काळजी वाटत असेल, तर तीच गोष्ट आधी जाहिरातीत लिहा.

राहिली शांतता. तुमच्या समोरच्या बंगल्यातली गाणी लपवता येणार नाहीत, कारण घर घेणारा माणूस शनिवारीच राहायला येणार. आधी त्या मालकांशी बोला. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर लावता येत नाही. दहानंतर गाणी बंद होत असतील तर तसं लिहा, होत नसतील तर एक-दोन वेळा ११२ वर फोन करून ती बंद करायची शिस्त तुम्हीच लावून द्या. हे नव्या मालकाच्या गळ्यात घालू नका.

‘निसर्गरम्य शांत’ हे शब्द काढून तिथे काय ऐकू येतं ते लिहा. सोमवार ते शुक्रवार दिवसा काय, पहाटे देवळात काकडा असतो का, जवळ खडीची खाण आहे का आणि सुरुंग किती वाजता उडतात, कोंबड्यांचं शेड कुठल्या वाऱ्याला आहे. सगळ्यात जवळचं घर किती मीटरवर. मोबाइलला कुठल्या कंपनीची रेंज घरात मिळते आणि कुठली गच्चीवरच. रेंज नसणं ही एकाची शांतता असते आणि घरून काम करणाऱ्याची अडचण, ते त्याचं त्याला ठरवू द्या. आणि कागद बघून झाल्यावर जो खरंच पुढे येईल त्याला सांगा की एक शनिवार रात्र इथे राहून जा. हे मी सगळ्यांना सांगते आणि निम्मे मालक कचरतात. पण जो राहून गेला आणि तरी हो म्हणाला, तो इसार दिल्यावर मागे फिरत नाही. गेल्या पाच वर्षांत मी एकही पाहिलेला नाही.

बिनशेती असल्याचं अगदी पहिल्या ओळीत घ्या. शेतजमीन असती तर कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय घेता आली नसती. कोथरूड-बाणेरच्या बहुतेक घेणाऱ्यांना हाच पहिला प्रश्न असतो. बांधकामाची परवानगी आणि पूर्णत्वाचा दाखला असेल तर तेही तिथेच. फोटो दोन महिन्यांचे द्या, ऑगस्टचा आणि मेचा, एकाच जागेवरून काढलेले.

मी तुमच्या जागी असते तर असं लिहिलं असतं. आकडे तुमचे मोजून भरा :

‘कोळवण खोरे, मुळशी. ११ गुंठे बिनशेती प्लॉट, २ बेडरूमचे घर, बांधकाम २००९, परवानगी व कागद पूर्ण. पाणी : बोअर. मे महिन्यात मोजलेले रोज १,८०० लिटर, चार माणसे, राखणदार व ४० झाडांना पुरते. हिरवळ राखायची असल्यास मेमध्ये ५,००० लिटरचे २ टँकर. तपासणी अहवाल आहे. रस्ता : गावापर्यंत डांबरी, शेवटचे ३०० मीटर मुरमाचा, १२ फूट, हक्काचा नोंदणीकृत दस्त, सातबाऱ्यावर नोंद. पावसात लहान गाडी सावकाश येते. खर्च : तीन वर्षांची सरासरी महिना १७,००० रुपये, राखणीच्या पगारासह. जोडपे पुढे राहण्यास तयार. समोरचा बंगला शनिवार-रविवारी भाड्याने जातो, रात्री दहापर्यंत गाणी ऐकू येतात. एरवी ओढा आणि पाखरे. कागद पाहिल्यावर एक रात्र राहून निर्णय घ्यावा.’

आत्ता फेब्रुवारी आहे. या रविवारी शेजाऱ्यांकडे जाऊन या. दस्त आणि नोंद होईपर्यंत एप्रिल उलटेल. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पिंप घेऊन मोजणी करा आणि दुसऱ्या उपशाचा, पहिल्या नव्हे, मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. जाहिरात त्याच आठवड्यात द्या, पाऊस पडायच्या आधी. कोरड्या अंगणात उभं राहून ज्याला घर आवडेल त्याला जुलैमध्ये काही समजवावं लागत नाही. शेजाऱ्यांच्या सातबाऱ्यावर किती नावं निघाली ते मला कळवा, दस्ताचा मसुदा मी बघून देईन.